चकली, चिलापी आणि फेसाळ वाइन

बारामतीहून इंदापूरकडे निघालं, की काटेवाडी मागे टाकून सणसर लागतं. शेजारीच भवानीनगर, म्हणजे छत्रपती साखर कारखाना. तुकोबारायांची पालखी आषाढात याच वाटेनं जाते. सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी आणि मग नीरा ओलांडून अकलूज. अकलूजजवळ मोटेवाडीच्या माळावर फ्रातेल्ली ही वायनरी आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीतले सेच्ची अशा तीन घरांतल्या भावाभावांनी मिळून ती उभी केली आणि वाइन करायला टस्कनीतून पिएरो मासी आले. वारीच्या वाटेवर वायनरी म्हटल्यावर कुणी नाक मुरडेल. पण नीरेकाठच्या शेतकऱ्याला त्यात नवल वाटत नाही. एका बांधाला ऊस, दुसऱ्या बांधाला द्राक्ष आणि वर्षातून एकदा दारावरून पालखी, हे सगळं त्याच्याकडे एकत्रच नांदतं.

मोटेवाडीत शेनँ ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाची फेसाळ ब्रुट वाइनही होते. अशी बाटली आपल्याकडे लग्नाच्या वाढदिवसाला किंवा एकतीस डिसेंबरला फुटते, निम्मी अंगावर उडवली जाते आणि उरलेली केकबरोबर प्यायली जाते. माझं म्हणणं असं, की केक हा तिचा सगळ्यात वाईट जोडीदार आणि फराळाच्या डब्यातली चकली सगळ्यात चांगला. त्यामागे रुचीची हौस कमी आणि जिभेचं शरीरशास्त्र जास्त आहे. मात्र सरसकट सगळ्या खाऱ्या-तळलेल्या पदार्थांना हे लागू होत नाही, कारण आपल्या तळणात मीठ आणि तेल यांच्या जोडीला तिखट असतं. युरोपातल्या पुस्तकांतला सल्ला तिथे लंगडा पडतो.

सुरुवात द्राक्षापासून करू. इंदापूर तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराला एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी सांगावी लागत नाही. मणी भरले, की तो खिशातून ब्रिक्स मीटर काढतो, मण्याचा थेंब काचेवर टाकतो आणि साखर बघतो. साध्या वाइनसाठी साखर साधारण बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत चढू देतात. फेसाळ वाइनसाठी मात्र सतरा ते एकोणीसच्या आसपासच तोडणी होते. खाणाऱ्याला ते द्राक्ष आंबट आणि कच्चट लागेल, आणि तेच हवं असतं. मणी पिकताना उन्हाच्या तापानं त्यातलं मॅलिक आम्ल खर्ची पडतं. आपल्या उष्ण भागात ते भराभर उतरतं, म्हणून थांबण्यात तोटा. साखर कमी असल्यानं मद्यार्कही बेताचा राहतो, बारा टक्क्यांच्या आसपास. आंबटपणा भरपूर आणि मद्यार्क मर्यादित, ही तळणाबरोबर लागणारी पहिली शिदोरी.

फेसासाठी पुन्हा साखरच लागते. पारंपरिक पद्धतीत तयार वाइन बाटलीत भरताना लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर आणि थोडं यीस्ट घालून बाटली बंद करतात. पाऊण लिटरच्या बाटलीला ही साखर 18 ग्रॅम पडते, म्हणजे चहाचे चारेक चमचे. यीस्ट ती खातं आणि तिच्या जवळपास निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बाहेर जायला वाट नसल्यानं तो वाइनमध्येच विरघळून बसतो. तेवढा वायू मोकळा सोडला, तर पाच लिटर जागा व्यापेल. बाटलीतला दाब वातावरणाच्या पाच-सहा पट, मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त. बूच काढताना ते माणसांच्या तोंडाकडे धरू नये, याचं कारण हेच.

आता तोंडात काय होतं ते पाहू. आपण समजतो की बुडबुडे जिभेवर फुटतात आणि त्यांच्या फुटण्याची चुणचुण आपल्याला जाणवते. तसं नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी लोकांना जास्त दाबाच्या कोठडीत बसवून सोड्याची चव घ्यायला लावली. तिथे बुडबुडे बनूच शकत नाहीत, तरी जिभेवरचा झणका तसाच राहिला. त्याचं कारण रासायनिक आहे. आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर कार्बनिक अनहायड्रेज नावाचं एक विकर असतं आणि ते कार्बन डायऑक्साइडचं तिथल्या तिथे आम्ल करतं. चार्ल्स झुकर आणि निकोलस रिबा यांच्या गटानं 2009 साली उंदरांवर काम करून हे दाखवलं. गंमत म्हणजे गिर्यारोहकांना याची चाहूल आधीच लागली होती. हिमालयात विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती डायमॉक्सची गोळी हेच विकर थंड करते. गोळी घेतलेल्यांना शिखरावरून परतल्यावरची बिअर किंवा शॅम्पेन पचपचीत, शिळी लागते. असा अनुभव 1988 साली वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आला. आपल्याकडचे एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आलेले ट्रेकर कोल्ड्रिंकबद्दल हीच तक्रार करतात.

म्हणजे या वाइनचा आंबटपणा दोन ठिकाणांहून येतो. एक द्राक्षातला, दुसरा वायूचा जिभेवर झालेला. शिवाय वायू वेदनेच्या तंतूंनाही हलकेच डिवचतो, आणि तेही मोहरीचा झणका ज्या ग्राहकावर बसतो त्याच ग्राहकातून. आंबट पडलं, की गालाच्या आतून लाळ सुटते. हे ध्यानात घेतलं, की ‘वाइन तेल धुऊन टाकते’ या लाडक्या वाक्याची नीट फोड करता येते. तेल वाइनमध्ये विरघळत नाही. बारा टक्के मद्यार्कानं ते कापलंही जात नाही. खरं काम लाळेचं. जीभ आणि टाळू यांवर बसलेला तेलाचा पातळ थर लाळ बारीक थेंबांत फोडते आणि गिळण्याबरोबर खाली नेते. आंबट घोट ती लाळ बोलावतो, वायूचा झणका जिभेला जागं करतो आणि पुढचा घास पहिल्या घासासारखा लागतो.

मिठाचं काम उलट बाजूनं चालतं. मीठ कडवटपणा दाबतं आणि आंबटपणाची धारही बोथट करतं. जी ब्रुट नुसती प्यायल्यावर कपाळाला आठी पाडते, तीच खाऱ्या शेंगदाण्यांनंतर गोलसर लागते आणि तिच्यातला सफरचंद-पेरूसारखा वास वर येतो. अंधारात रंग न बघता करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. आधी घोट, मग चार खारे दाणे, मग पुन्हा घोट. दुसरा घोट वेगळ्या बाटलीतला वाटतो. लाल वाइनबरोबर हे जमत नाही. तिच्यातलं टॅनिन तोंड कोरडं करतं, मीठ ती कोरड आणखी पुढे आणतं आणि जास्त मद्यार्काची जळजळही वाढते.

आता चकली. सणसरच्या एका स्वयंपाकघरात मी मोठ्या पातेल्यातलं तळण बघत उभा होतो. वहिनी सोऱ्या दाबत होत्या आणि माझ्या प्रश्नांना उत्तरं देत होत्या. तेल किती तापलं हे कसं कळतं, असं विचारलं तर म्हणाल्या, “भावजी, पिठाची गोळी टाकायची. तळाला जाऊन लगेच वर आली की तेल झालं.” आणि चकली झाली हे? “बुडबुडे बंद झाले की.”

या दोन उत्तरांत तळणाचं सगळं शास्त्र आलं. तेलात दिसणारे बुडबुडे म्हणजे चकलीतल्या पाण्याची वाफ. वाफ बाहेर ढकलते आहे तोवर तेल आत शिरू शकत नाही. पाणी संपलं, की बुडबुडे शांत होतात आणि चकली कुरकुरीत होते. तेल खरं शिरतं ते झाऱ्यानं बाहेर काढल्यावर. चकली गार होते, आतली उरलेली वाफ आक्रसते आणि पृष्ठभागावरचं तेल भेगांतून आत ओढलं जातं. म्हणून झारा कढईवर झटकणं आणि गरम असतानाच कागदावर उभी करून निथळवणं याला महत्त्व. तेल बेताचं तापलेलं असेल किंवा मोहन जास्त झालं, तर चकली तेल पिते, प्रसंगी विरघळते. अशा चकलीबरोबर कोणतीही वाइन फार काही करू शकत नाही. लाळेनं वाहून न्यायचा तो थर असतो, तेलाचं डबकं नव्हे.

पण नीट जमलेल्या चकलीत तेल-मिठापलीकडे एक गोष्ट असते, भाजणीचा खमंगपणा. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ, धणे, जिरे हे सगळं वेगवेगळं, मंद आचेवर भाजून दळलेलं. त्या भाजण्यातून जे वास तयार होतात, तेच कढईत पुन्हा गडद होतात. आणि पारंपरिक पद्धतीच्या वाइनमध्ये त्याच जातीचा वास दुसऱ्या वाटेनं येतो. बाटलीत साखर संपवून मेलेलं यीस्ट तळाशी गाळ होऊन बसतं. वाइन त्या गाळावर महिनोन् महिने ठेवली, की यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात आणि भाजलेला पाव, बदाम, खारी बिस्किटं अशा वासांचे अंश वाइनमध्ये उतरतात. शॅम्पेन या फ्रेंच प्रांतात बाटली भरल्यापासून किमान 15 महिने थांबण्याचा नियम आहे, त्यातले निदान 12 गाळावर. म्हणून चकली आणि कडबोळी यांच्याबरोबर मी पारंपरिक पद्धतीचीच ब्रुट घेईन. तीळ आणि ओवा तिला आवडतात. खमंगाला खमंग मिळतो, तेलाला आम्ल मिळतं, आणि चकलीतलं तिखट साधारण बेताचं असल्यानं भांडण होत नाही.

भांडण होतं ते लसूण शेव, भडंग आणि मिरचीच्या भज्यांशी. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकाला फसवतं, म्हणून आग होते. मद्यार्क त्याच ग्राहकाचा उंबरा खाली आणतो. एरवी साधारण 42 अंशांना पेटणारा तो ग्राहक मद्यार्काच्या संगतीत शरीराच्या तापमानालाच पेटू लागतो. त्यात वायूचा झणका भर घालतो. तिखटजाळ भडंगावर कोरडीठाक ब्रुट प्यायलात, तर आग विझण्याऐवजी भडकते आणि वाइन पातळ, कडवट लागते. ज्यांना ती आगच हवी असते त्यांची गोष्ट वेगळी. असे लोक आमच्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांना सल्ला लागत नाही.

बाकीच्यांसाठी उपाय साखरेचा. बाटलीतला गाळ काढून टाकल्यावर कमी झालेली वाइन भरून काढताना वायनरी थोडी साखर घालते, आणि तिच्यावरून प्रकार ठरतो. लिटरला 12 ग्रॅमच्या आत असेल तर ब्रुट. 12 ते 17 ग्रॅम असेल तर एक्स्ट्रा ड्राय. 32 ते 50 ग्रॅम म्हणजे डेमी-सेक, चांगलीच गोड. एक्स्ट्रा ड्राय हे नाव दुकानात हमखास चकवतं, कारण ती ब्रुटपेक्षा गोड असते. तिखट फरसाण, मसाला वेफर्स, भजी यांच्याबरोबर एक्स्ट्रा ड्राय घ्यावी. साखर आग शमवते आणि आंबटपणा तेलाचं काम करत राहतो. इथे महागड्या, गाळावर मुरवलेल्या बाटलीची गरज नाही. मिरची आणि लसणापुढे तो नाजूक वास कुणाला येणारही नाही. इटलीच्या प्रोसेक्कोसारखी, मोठ्या बंद टाकीत फेस आणलेली, फळांच्या वासाची साधी वाइन इथे उजवी ठरते.

इंदापूरच्या उत्तरेला उजनीचं पाणी पसरलं आहे आणि भिगवणच्या बाजारात त्या पाण्यातली मासळी येते. रवा लावून तळलेली चिलापी हा इथला खरा राजा. फेसाळ वाइनला तळलेल्या माशाइतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही, कारण माशावर लिंबू पिळायचं काम वाइनच करते. लिंबू दोन्हीकडून नको. ताटात लिंबाची फोड आणि चिंचेची चटणी असेल, तर त्यांच्या आंबटापुढे वाइन बोथट होते. म्हणून लिंबू बाजूला ठेवावं आणि घोट घ्यावा. माशाला हळद, मीठ आणि लाल तिखटाचं पातळ लेपण असेल, तर रोझे ब्रुट घ्यायला हरकत नाही. तिच्यात काळ्या द्राक्षांमुळे थोडा भरीवपणा असतो. इगतपुरीकडच्या ग्रोव्हर झाम्पाकडे शिराझची अशी रोझे होते. भिगवणच्या खानावळीतला झणझणीत रस्सा मात्र या हिशेबात धरू नका. तो भाकरीचा आहे.

फराळाच्या डब्यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल थोडक्यात. करंजी, अनारसे, शंकरपाळे यांच्यापुढे ब्रुट आंबटढाण लागते, कारण गोड घासानंतर वाइनमधली होती नव्हती ती गोडी गायब होते. केकच्या बाबतीत हेच घडतं. वाइन पदार्थाइतकी तरी गोड हवी. डेमी-सेकनं शंकरपाळ्यांपर्यंत कसंबसं निभावतं, करंजीपुढे तीही हरते. पुणेरी पोह्यांचा चिवडा मधला आहे. त्यात पिठीसाखर आणि बेदाणे असतात, म्हणून त्यालाही एक्स्ट्रा ड्राय. साखर न घातलेला लसणीचा मक्याचा चिवडा असेल, तर ब्रुट चालते.

पुणे जिल्ह्याला फेसाळ वाइन नवी नाही. जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. तिथेच शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात शॅम्पेनमधल्या पायपर-हायडसीकचं तांत्रिक साहाय्य घेऊन पारंपरिक पद्धतीनं फेसाळ वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावानं परदेशी पाठवली. इथे ती ‘मार्कीज द पॉम्पादूर’ म्हणून मिळायची. चौगुले यांची ही इंडाज कंपनी पुढे कर्जात बुडाली, पण दख्खनच्या पठारावर आंबटपणा राखून द्राक्ष काढता येतं, हे तिनं नाशिकच्या आधी दाखवून दिलं. नंतर राज्याचं 2001 चं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, नाशिकला सुलासारख्या वायनऱ्या फोफावल्या, दिंडोरीत फ्रान्सच्या शाँदोननं बस्तान मांडलं, आणि नारायणगावचं नाव मागे पडलं. त्या काळात कुणी ती बाटली चकलीबरोबर उघडली होती का, हे मला विचारायला आवडलं असतं. बहुधा नाहीच. ती पाहुण्यांची आणि निर्यातीची वस्तू होती.

घरी बाटली उघडण्याबद्दल काही गोष्टी उपयोगाच्या आहेत. ती सहा ते आठ अंशांना थंड असावी. फ्रिजमध्ये तीन-चार तास, किंवा बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत अर्धा तास. नुसता बर्फ काचेला नीट चिकटत नाही, पाणी हवंच. ऑक्टोबर हीटमध्ये गरम राहिलेली बाटली उघडताच निम्मा फेस ओसंडतो आणि पेल्यात उरते ती मंद, चिकट वाइन. पेला तेलकट हातानं धुतला असेल किंवा ओठांवर चकलीचं तेल असेल, तर काठाशी फेस पटकन मरतो. तेल बुडबुड्याची भिंत तोडतं. त्यानं चव बिघडत नाही, फक्त शोभा जाते. उलट चकलीचा बारीक चुरा पेल्यात पडला, तर तिथून बुडबुड्यांचा झराच फुटतो, कारण विरघळलेल्या वायूला बाहेर पडायला असा खडबडीत कण लागतो.

खवट वासाकडे मात्र लक्ष द्या. डब्यात पंधरा दिवस राहिलेल्या शेवेचं तेल उतरलेलं असेल, तर नुसती खाताना ते निभावून जातं. थंड, आंबट घोटाबरोबर तोच वास रंगाच्या डब्यासारखा वर येतो आणि दोष वाइनच्या माथी जातो. आधी शेव हुंगा, मग बाटलीला नावं ठेवा.

ज्या घरात बाटली येणार नाही, आणि सणसरसारख्या गावात अशीच घरं जास्त, तिथे हेच काम लिंबू-सोडा करतो. लिंबाचं आम्ल, सोड्याचा वायू, चिमूटभर मीठ आणि बेताची साखर. मद्यार्क नसल्यानं तिखटाची आगही वाढत नाही. भज्यांच्या गाडीशेजारी सोड्याची गाडी उभी असते, ती काही उगाच नाही. फक्त भाजणीच्या खमंगाला सोबत करणारा गाळाचा वास त्यात मिळणार नाही.

आणि बाटली उरली, तर तिच्या तोंडात चांदीचा चमचा उलटा लटकवून ठेवण्यात अर्थ नाही. वायू थंड द्रवात जास्त मुरून राहतो, त्यामुळे जे काही टिकतं ते फ्रिजमुळे. शॅम्पेनसाठीचं पकडीचं झाकण मिळतं ते घट्ट लावलं, तर दुसऱ्या दिवशीच्या चकल्यांपुरता वायू नक्की शिल्लक राहतो.